दशावतारातील पात्रे कशी ओळखावीत : मुखवटा, रंग, मुकुट आणि हातातील वस्तू

आपल्या मंडळातील बऱ्याच कुटुंबांचे मूळ गाव सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ किंवा पेडणे भागात आहे. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की ही मंडळी ग्रामदेवतेच्या दर्शनाला जातात आणि रात्री देवळासमोर दशावतार पाहायला बसतात. घरातील मोठ्यांना रंगमंचावर कोण आले हे लगेच कळते. मुले मात्र शेजाऱ्याला विचारत राहतात, "हा कोण? तो कोण?" ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्यात जो दशावतार होतो, त्यापुरतीच ती मर्यादित आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दशावतारी मंडळीचा सारा संसार पेटाऱ्यात मावतो. पूर्वी हे पेटारे डोक्यावर घेऊन नट एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जात. "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" ही म्हण त्यातूनच आली. जे डोक्यावरून वाहायचे ते थोडेच असणार. त्यामुळे प्रत्येक पात्राला वेगळा पोशाख कधीच नव्हता. आज जो अंगरखा इंद्राच्या अंगावर आहे, तोच उद्या विराटाच्या अंगावर दिसेल. पडदा नाही, देखावा नाही, एका बाकड्याचे सिंहासन होते आणि त्याच बाकड्याचा पर्वतही होतो. अशा ठिकाणी कपड्यांवरून पात्र ओळखायला गेलात की घोटाळा होतो. ओळख तीन ठिकाणी असते : डोके, चेहरा आणि हात. साधारणपणे डोक्यावरून दर्जा कळतो, चेहऱ्यावरून स्वभाव कळतो आणि हातातील वस्तूवरून नाव कळते. बँकेत सही जुळली तरी आम्ही खाते क्रमांक पाहत असू. इथेही एका खुणेवर थांबू नये.

पूर्वरंगातील मुखवटे

खेळाचा पहिला भाग म्हणजे पूर्वरंग, ज्याला आडदशावतार असेही म्हणतात. मुखवटे मुख्यतः याच भागात दिसतात. सूत्रधार मृदंग, झांज आणि पेटीच्या साथीने गातो आणि गणपती येतो. सोंडेच्या मुखवट्यामुळे त्याला ओळखायला कष्ट पडत नाहीत. सोबत ऋद्धी-सिद्धी असतात. गणपती बोलत नाही. मुखवट्याआडून संवाद म्हणणे अवघडच असते, म्हणून बोलण्याचे काम सूत्रधाराकडे असते. पूजा झाली की तो निघून जातो. त्यानंतर शारदा येते, तिची खूण मोर.

पूर्वरंगात खरा रंगतो तो संकासुर. वेद चोरणारा शंखासुर तो हाच. अंगभर काळे कपडे, तोंडावर काळ्या कापडाचा मुखवटा, त्यातून लोंबणारी लांबलचक लाल जीभ. लहान मुले आधी दचकतात, पण हा असुर तोंड उघडतो ते मालवणीत, आणि गावातल्या कोणाची तरी फिरकी घेतो. सूत्रधाराशी त्याची हुज्जत हा अर्ध्या लोकांचा आवडता भाग असतो. शेवटी विष्णू त्याला मारतो. नावात दशावतार असला तरी दहाही अवतार एकामागून एक येतील अशी अपेक्षा ठेवू नये.

रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतही संकासुर असतो. त्याचेही कपडे काळे, पण डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू. शिमग्यात तो घरोघर फिरतो आणि लोक त्याला मान देतात. नाव एक असले तरी ही सोंगे दोन वेगळ्या परंपरांतली आहेत. फोटोखाली नाव लिहिताना ही गल्लत वारंवार होते.

चेहऱ्याचा रंग

पूर्वरंग संपला की उत्तररंग, म्हणजे आख्यान सुरू होते आणि बहुतेक मुखवटे पेटाऱ्यात जातात. आता चेहराच रंगवलेला असतो. दशावतारात नट स्वतःची रंगभूषा स्वतःच करतो. समोर छोटा आरसा, बोटे आणि एखादी काडी. पूर्वी सफेता, पिवडी, हिंगूळ, काजळ असे मोजके रंग खोबरेल तेलात कालवून लावत. हे रंग भडक का, असा प्रश्न आजच्या विजेच्या झगझगाटात पडतो. त्या वेळी उजेड दिवट्यांचा होता, पुढे गॅसबत्तीचा आला. अशा उजेडात मागच्या रांगेतल्या माणसाला फिकट रंग दिसतच नाही. म्हणून ओळख पांढरा, लाल आणि काळा या तीन रंगांवर ठेवली गेली.

देव आणि सत्त्वशील राजा यांचा चेहरा उजळ, गुलाबी किंवा पिवळसर. कपाळावर रेखीव गंध, भुवया कमानदार. देवाला मिशी नसते, राजाला बारीक मिशी असते. राक्षसाचा चेहरा लाल, भुवया जाड आणि वर चढलेल्या, मिशा गालापर्यंत, डोळ्यांभोवती काळ्या-पांढऱ्या रेघा आणि मोकळे सोडलेले केस. डोळ्यांभोवतीची पांढरी रेघ डोळे मोठे दाखवते, त्यामुळे नुसती मान फिरवली तरी नजर लांबून कळते. पूर्वी राक्षसाच्या प्रवेशाला पेटत्या मशालीवर राळ फेकत. त्या भडक्यात पहिल्यांदा दिसायचे ते हेच डोळे.

विनोदी पात्राला असा लेप नसतो. साधे धोतर, टोपी, कुठेतरी एखादा ठिपका, एवढ्यावर भागते. शिवाय तो मालवणीत बोलतो आणि राजा पुस्तकी मराठीत. अंधारात डोळे मिटून बसलात तरी भाषेवरून हे दोघे वेगळे कळतात.

स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच करतात. तिथे रंगापेक्षा दागिने आणि केस पाहावेत. राणीचे दागिने भरगच्च आणि केसांत वेणी. दासीकडे दोन्ही थोडे. राक्षसीचे केस मोकळे.

मुकुट आणि गदा

मुकुट हलका असावा लागतो, कारण तो घालून रात्रभर युद्धे करायची असतात. पुठ्ठा किंवा कागदाचा लगदा, वर बेगड, मणी, आरशाचे तुकडे. डोक्याला आधी फडके घट्ट बांधून त्यावर तो बसवतात. मुकुटाचा आकार पाठ करण्यात अर्थ नाही, प्रत्येक मंडळीचे मुकुट वेगळे आणि एकच मुकुट रात्रीत दोन डोक्यांवर जातो. मुकुट आहे की नाही, आणि नसेल तर त्या जागी काय आहे, हे पाहावे. जटा असतील तर ऋषी किंवा शंकर. जटांसोबत त्रिशूळ आणि डमरू असेल तर शंकर, कमंडलू असेल तर ऋषी, परशू असेल तर परशुराम. नारदाच्या हाती वीणा आणि चिपळ्या. मोरपीस आणि मुरली असेल तर कृष्ण.

सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे गदा. ती भीमाकडे असते, दुर्योधनाकडे असते, मारुतीकडे असते आणि विष्णूच्याही चार आयुधांत असते. बरे, पेटाऱ्यात गदा असते एक नाही तर दोन, म्हणजे तीच गदा हातोहात फिरते. अशा वेळी खालून वर जावे. मारुतीला शेपूट आणि तोंडाची ठेवण वेगळी, तो लगेच बाजूला पडतो. विष्णूजवळ शंख किंवा चक्रही असते. उरले भीम आणि दुर्योधन. दोघेही धिप्पाड, दोघांनाही मिशी. इथे चेहरा कामाला येतो. दुर्योधनाच्या भुवया खलपात्रासारख्या चढलेल्या आणि डोक्यावर पूर्ण मुकुट. भीम वनवासात असेल तर मुकुटच नाही, आणि चेहरा रागीट असला तरी गंध सात्त्विक पात्राचे. एवढे करूनही शंका राहिली तर थोडे थांबावे. पहिल्या प्रवेशात बहुतेक पात्रे स्वतःची ओळख बोलण्यातून देतातच.

राजा हरिश्चंद्र : खुणा बदलतात तेव्हा

तीन खुणा एकत्र कशा वाचायच्या हे हरिश्चंद्राच्या आख्यानात चांगले दिसते, कारण त्यात एकच पात्र दर्जा गमावते पण स्वभाव गमावत नाही.

सुरुवातीला बाकड्यावर राजा बसलेला आहे. मुकुट, उजळ चेहरा, रेखीव गंध, कमरेला तलवार. शेजारी दागिन्यांनी भरलेली तारामती. जटा, दाढी, भगवे वस्त्र आणि हाती कमंडलू घेऊन विश्वामित्र येतो. चेहऱ्यावरून तो राक्षस नाही हे कळते, त्यामुळे तो राजाला छळत असला तरी प्रेक्षक त्याला खलपात्र समजत नाही. ही परीक्षा आहे, हे रंगानेच सांगून ठेवलेले असते.

राज्य दान होते आणि मुकुट उतरतो. तलवार जाते. तारामतीचे दागिने एकेक करून निघतात. मुकुटाखालचे फडके आता उघडे पडते, आणि मघाचा राजा एकदम चार बोटे बुटका वाटतो. पुढे तो डोंबाच्या घरी विकला जातो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. डोके आणि हात या दोन्ही ठिकाणी आता चाकराच्या खुणा आहेत. गंध मात्र पुसलेले नसते आणि चेहऱ्याचा लेप तोच असतो. उशिरा आलेल्या प्रेक्षकाने नुसती काठी आणि घोंगडी पाहिली तर तो त्याला स्मशानाचा कोणी रखवालदार समजेल. चेहरा पाहिला की हा राजपार्ट आहे हे कळते.

शेवटी रोहिदासाचे प्रेत घेऊन तारामती स्मशानात येते आणि हा रखवालदार तिच्याकडे कर मागतो. अंधारामुळे तिने त्याला ओळखलेले नाही, त्याने तिला ओळखलेले नाही. समोर बसलेल्या सगळ्या गावाने दोघांनाही ओळखलेले असते. त्या दहा-पंधरा मिनिटांत बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येतात, ते याच गंधामुळे. हल्ली काही ठिकाणी स्मशानाच्या प्रवेशात नट चेहरा काळवंडून येतो. ते खरेखुरे दिसते, पण मग प्रेक्षकही तारामतीइतकाच अंधारात राहतो. मला तो बदल पटत नाही.

आता होणारी गल्लत

भाड्याने मिळणारे तयार मुकुट, सगळ्यांना सारखेच मखमली अंगरखे आणि दूरदर्शनच्या पौराणिक मालिकांची छाप यांमुळे जुन्या खुणा काही मंडळींत पुसट झाल्या आहेत. कृष्ण, राम, विष्णू तिघेही निळे आणि तिघांचा मुकुट एकच, असे दिसते. तिथे रंगावर विसंबू नये, हात पाहावा : मुरली, धनुष्य, चक्र. ट्रिकसीनच्या नाटकांत राक्षसांचे मोठे रबरी मुखवटेही येतात. ते अलीकडचे आहेत, त्यांवरून जुनी परंपरा समजून घेऊ नये.

मुलांना नेणार असाल तर पूर्वरंगाच्या आधी पोहोचावे, आणि मंडळीची हरकत नसेल तर नट रंगायला बसलेले असतात तिथे लांबून पाच मिनिटे उभे करावे. कोरा चेहरा, मग लेप, मग भुवया, मग गंध, शेवटी मुकुट, या क्रमाने पात्र तयार होताना पाहिले की रात्री फारसे विचारावे लागत नाही. खेळ पहाटे दहिकाल्याने संपतो, तेव्हा सोबत पांघरूण असू द्यावे.