प्रश्न विचारणारी शाळा : होशंगाबादचा तीस वर्षांचा प्रयोग

पांढुर्ण्याहून इटारसीकडे जाणारी गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी अनेकदा पकडली असेल. इटारसीच्या पुढे नर्मदाकाठी होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम. त्याच जिल्ह्यात 1972 साली 16 माध्यमिक शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याची एक निराळी रीत सुरू झाली. रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळची किशोर भारती या दोन संस्थांनी शासनाच्या परवानगीने सरकारी शाळांतच हे काम हाती घेतले.

त्या सुमारास ब्राझीलचे शिक्षक पाउलो फ्रेरे यांचे विचार जगभर पोचत होते. प्रौढ शेतमजुरांना अक्षरे शिकवताना त्यांनी रूढ शिक्षणाला बँकेची उपमा दिली. गुरुजी ज्ञानाची ठेव ठेवतात, मुले खातेपुस्तकासारखी ती सांभाळतात आणि परीक्षेत परत करतात. याउलट, शिकणारा आणि शिकवणारा दोघांनी एखाद्या गोष्टीकडे मिळून पाहावे व बोलावे, तेच खरे शिक्षण, असे त्यांचे म्हणणे होते. होशंगाबादच्या शाळांत नेमके हेच घडताना दिसते.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तके तयार झाली. त्यात व्याख्या जवळजवळ नव्हत्या. काय करायचे ते सांगितलेले असे आणि पुढे प्रश्न असत. उत्तर मुलांनी आपल्या निरीक्षणातून वहीत लिहायचे. मुळे आणि पाने यांचा त्यातला पाठ आपल्या शिवारात करून पाहू. चार-चार मुलांच्या टोळ्या बांधावर जातात. तरोटा, आघाडा, तूर, ज्वारी, मका, हरळी अशी झाडे मुळासकट उपटून आणतात. पानाच्या शिरा जाळीदार की समांतर, आणि मूळ सोटमूळ की झुपक्याचे, याचा तक्ता करतात. तक्ता भरत आला की मुलांनाच दिसते: जाळीदार पानाखाली सोटमूळ, समांतर शिरांच्या पानाखाली झुपका. नियम गुरुजींनी सांगितलेला नाही, तो मुलांना सापडला.

आणि मग कोणीतरी अळू, म्हणजे आपला धोपा, घेऊन येतो. पान जाळीदार दिसते, पण मुळे मात्र झुपक्याची! येथे ठेव ठेवणारे गुरुजी म्हणतील, “ते सोड, पुस्तकात नाही.” संवाद करणारे गुरुजी म्हणतील, “नियम चुकला की अपवाद आहे? आणखी कोणती झाडे बघावी लागतील?” या रीतीची परीक्षा त्या क्षणी होते. वर्गात खरा संवाद चालू आहे की नाही, हे ओळखायची खूणही तीच.

असे शिकवणे गुरुजींना सोपे नव्हते. म्हणून उन्हाळ्यात त्यांची शिबिरे होत. तेथे गुरुजी स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग करत, विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांशी वाद घालत. पुढे दर महिन्याला बैठक भरे. वर्गात काय अडले ते तेथे मांडले जाई आणि त्यानुसार पुस्तकही बदलले जाई. मुलांचे प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक गृहस्थाकडे पत्राने जात आणि त्यांना उत्तरे मिळत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नसतच. शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षाही असे.

1978 मध्ये ही रीत जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत गेली. 1982 मध्ये ‘एकलव्य’ संस्था स्थापन होऊन तिने हे काम पुढे नेले, आणि ते इतर जिल्ह्यांतल्या काही शाळांतही पोचले. मात्र 2002 मध्ये राज्य शासनाने ते बंद केले.

का बंद झाले? आठवीपर्यंत मूल शोधून शिके, पण नववीपासून पुन्हा पाठांतर, बोर्ड आणि स्पर्धा परीक्षा. आपली मुले मागे पडतील, ही पालकांची धास्ती काही लोकप्रतिनिधींनी उचलून धरली. राज्यभर एकच अभ्यासक्रम हवा, असाही आग्रह होता. ती धास्ती खोटी म्हणता येत नाही. वरच्या परीक्षा ठेवच मोजत होत्या. वर्गात मुलांशी आणि शिबिरात गुरुजींशी जेवढे बोलणे झाले, तेवढे घराघरांतल्या आईवडिलांशी झाले नाही. माझ्या मते प्रयोगाची कच्ची बाजू ती होती.

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे यात आणखी एक पदर आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरी मराठी, शाळेत हिंदी, हे तेव्हापासूनचे. ठेव कोणत्याही भाषेत पाठ होते. प्रश्न मात्र मूल आधी घरच्या भाषेत विचारते. ‘धोपा’ हा शब्द वर्गात चालत नाही असे त्याला वाटले, तर तो शब्द तर तोंडात राहतोच, आणि त्याच्यासोबत त्या झाडाविषयीचा प्रश्नही.