सर्व्हिस व तिसरा चेंडू विश्लेषण (टेबल टेनिस)

टेबल टेनिसमध्ये सर्व्हिस हा पहिला, परतफटका हा दुसरा आणि सर्व्हिस करणाऱ्याचा पुढचा फटका हा तिसरा चेंडू मानला जातो. चीनमध्ये विकसित झालेल्या तीन टप्प्यांच्या विश्लेषणपद्धतीत पहिल्या व तिसऱ्या चेंडूचा यशदर एकत्र काढतात. तिथवर निकाली निघालेल्या गुणांपैकी सर्व्हिस करणाऱ्याने किती जिंकले, याचे ते प्रमाण होय. लांबलेल्या रॅली त्यात धरत नाहीत.

सरासरी मात्र फसवी ठरते. उदाहरणार्थ, प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफितींत असे ३० गुण मोजले आणि त्याने १८ जिंकलेले आढळले, तर दर ६० टक्के येतो. सर्व्हिसनुसार वेगळे केल्यावर हेच आकडे समोरच्याच्या फोरहँडकडील आखूड सर्व्हिसवर २० पैकी १५ आणि बॅकहँडकडील लांब सर्व्हिसवर १० पैकी ३ असे निघू शकतात. आखूड सर्व्हिसचे सर्व चेंडू परतले असतील, तर त्यांचेही भाग पाडावेत. समजा, परतफटका लांब पडल्यावर त्याने १३ पैकी १२ गुण जिंकले, आखूड पडल्यावर ७ पैकी ३. म्हणजे त्याचे खरे बळ लांब आलेल्या चेंडूवरील हल्ल्यात आहे. परतफटका जाळ्याजवळ आखूड ठेवणे हा त्यावरचा उपाय.

७ गुणांच्या नोंदीत एका गुणाच्या फरकाने दर ४३ ऐवजी ५७ टक्के दिसला असता, हे येथे विसरता येत नाही. शिवाय चित्रफितीत त्याच्यासमोर डावखुरा खेळाडू असेल, तर ते आकडे उजव्या हाताने खेळणाऱ्यास लागू पडतीलच असे नाही.