नवतारा

‘नवतारा’ नव्याने जन्मलेला नसतो. जोडताऱ्यातला श्वेत बटू शेजाऱ्याकडचा हायड्रोजन ओढून घेतो आणि तो त्याच्या पृष्ठभागावर साचत जातो. तळाशी हा वायू इतका दाबलेला असतो की तापला तरी लगेच फुगून थंड होत नाही. त्यामुळे तिथे पेटलेले अणुसंमीलन अनावर होते. उडते ते फक्त वरचे कवच. बटू शाबूत राहतो, शेजारीही टिकतो, म्हणून साठवण पुन्हा सुरू होते. उत्तर मुकुटातला ‘टी’ तारा 1866 आणि 1946 मध्ये असा उसळला. एरवी दहाव्या प्रतीचा, दुर्बिणीशिवाय न दिसणारा हा तारा 1866 मध्ये जवळपास ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी झाला होता. बटू जितका जड, तितके थोड्या वायूत भागते. म्हणूनच इथे ऐंशी वर्षे पुरली. बहुतेक नवताऱ्यांना हजारो वर्षे लागतात.