दोन रोखे, एक मुदत आणि दोन महागाया : २०१३ ते २०२३ (थ्रेड)

१/ ४ जून २०१३ रोजी रिझर्व्ह बँकेने मुंबईत भारत सरकारच्या एका नव्या रोख्याचा लिलाव केला. रक्कम होती एक हजार कोटी रुपये, मुदत दहा वर्षे. लिलावातून व्याजदर ठरला फक्त १.४४ टक्के. त्याच सुमारास तितक्याच मुदतीचा सरकारचा साधा रोखा सुमारे ७.२ टक्के देत होता. तरीही १.४४ टक्क्यांचा रोखा विकला गेला. तो कोणत्या हिशेबावर विकला गेला आणि दहा वर्षांनी तो हिशेब कुठे चुकलेला दिसला, याचा हा इतिहास.

२/ आधी पार्श्वभूमी. २०१२-१३ मध्ये सामान्य भारतीय कुटुंबाला वर्षाला नऊ-दहा टक्के महागाई सोसावी लागत होती. बँकेतील ठेवीचे व्याज त्यात विरून जाई, म्हणून लोक सोन्याकडे वळले. सोने परदेशातून येते. त्याच्या आयातीमुळे देशाची परकीय चलनाची तूट धोक्याच्या पातळीवर पोहोचली. फेब्रुवारी २०१३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी महागाईपासून बचत वाचवणाऱ्या साधनांची घोषणा केली. लिलावाच्या दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, सोन्यावरील आयात शुल्क सहावरून आठ टक्के झाले. दोन्ही पावलांचा रोख एकच होता : सोन्याकडे जाणारी बचत वळवणे.

३/ आता त्या रोख्याची रचना. साध्या रोख्यात दहा हजार रुपये गुंतवले की मुदत संपल्यावर दहा हजारच परत मिळतात. दरम्यान महागाईने त्या दहा हजारांची किंमत घटली, तर तो तोटा गुंतवणूकदाराचा. निर्देशांकित रोख्यात मुद्दलच महागाईच्या निर्देशांकाबरोबर वाढते. निर्देशांक दहा टक्क्यांनी चढला की मुद्दल अकरा हजार होते आणि १.४४ टक्के व्याज त्या अकरा हजारांवर मोजले जाते. निर्देशांक उतरला तर मुद्दल कमीही होते. मात्र मुदतपूर्तीला मूळ दहा हजारांपेक्षा कमी दिले जाणार नाही, एवढी हमी होती.

४/ म्हणून १.४४ टक्के हा ‘वास्तव परतावा’ होय, म्हणजे महागाई वजा जाता हाती उरणारी वाढ. साध्या रोख्याचा ७.२ टक्के हा नाममात्र परतावा. त्यातून महागाई किती वजा होणार, हे खरेदीच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे म्हणजे सोललेले आणि न सोललेले नारळ एकाच तराजूत टाकण्यासारखे आहे.

५/ तुलनेसाठी दोन्ही रोख्यांची मुदत एकच असावी लागते. येथे तशी जोडी आपोआप जमली होती. साधा ७.१६ टक्क्यांचा रोखा २० मे २०२३ रोजी संपणार होता, तर निर्देशांकित रोखा ५ जून २०२३ रोजी. फरक जेमतेम पंधरा-सोळा दिवसांचा. कर्जदार एकच, चलन एकच, काळही जवळजवळ एकच. वेगळे होते ते फक्त महागाईचे संरक्षण.

६/ मग प्रश्न असा : दहा वर्षांत सरासरी किती महागाई झाली तर दोन्ही रोखे सारखेच फळ देतील? त्या दराला ‘ब्रेकइव्हन महागाई’ म्हणतात. ढोबळ उत्तर वजाबाकीने मिळते : ७.२ वजा १.४४, म्हणजे ५.७६ टक्के. काटेकोर उत्तरासाठी १.०७२ ला १.०१४४ ने भागावे. भागाकार १.०५६८ येतो, म्हणजे सुमारे ५.७ टक्के. फरक किरकोळ आहे. मात्र व्याजदर जितके चढे, तितकी साध्या वजाबाकीतील चूक वाढत जाते.

७/ याचा अर्थ सरळ आहे. दहा वर्षांची सरासरी महागाई ५.७ टक्क्यांहून जास्त झाली तर निर्देशांकित रोखा घेणारा जिंकेल, कमी झाली तर साधा रोखा घेणारा. या आकड्याला अनेकदा ‘बाजाराचे महागाईविषयीचे भाकीत’ म्हटले जाते. ते अर्धेच खरे. अनपेक्षित महागाईची भीती वाटणारा गुंतवणूकदार संरक्षणासाठी थोडा परतावा सोडायला तयार असतो, त्याने ब्रेकइव्हन फुगते. उलट, नव्या आणि क्वचित विकल्या जाणाऱ्या रोख्यासाठी खरेदीदार जादा परतावा मागतात, त्याने ब्रेकइव्हन आकसते. दोन्ही भेसळी त्या एकाच आकड्यात दडलेल्या असतात.

८/ २०१३ च्या रोख्यात मात्र याहून मोठी गुंतागुंत होती. ‘महागाई’ म्हणजे नेमकी कोणती? या रोख्याचे मुद्दल घाऊक किंमत निर्देशांकाला बांधलेले होते. मे २०१३ मध्ये घाऊक महागाई पाच टक्क्यांच्या किंचित खाली होती. त्याच महिन्यात ग्राहक किंमत निर्देशांकाची महागाई नऊ टक्क्यांच्या वर होती. देश एक आणि महिना एक असूनही दोन मोजपट्ट्यांत जवळपास दुपटीचा फरक होता.

९/ कारण दोन्ही टोपल्यांत वेगवेगळ्या वस्तू आहेत. तेव्हाच्या घाऊक निर्देशांकात सुमारे ६५ टक्के वजन कारखान्यांत तयार होणाऱ्या मालाचे होते, सुमारे १५ टक्के इंधन आणि विजेचे. सेवांना त्यात जागाच नव्हती. घरभाडे, शाळेची फी, डॉक्टरचे बिल हे काहीच त्यात मोजले जात नव्हते. ग्राहक निर्देशांकात जवळपास निम्मे वजन अन्नपदार्थांचे होते आणि सेवाही होत्या. लोक ज्या महागाईला घाबरून सोने घेत होते, ती दुसऱ्या टोपलीतली होती.

१०/ मग घाऊक निर्देशांकच का निवडला? त्यामागे निष्काळजीपणा नव्हता. धोरणाच्या चर्चेत तेव्हा घाऊक महागाईच प्रमुख मानली जाई. ग्रामीण आणि शहरी भाग एकत्र करणारा अखिल भारतीय ग्राहक निर्देशांक जानेवारी २०११ पासूनच प्रसिद्ध होऊ लागला होता. दहा वर्षांचा करार दोन-अडीच वर्षांच्या मोजपट्टीला बांधणे धोक्याचे वाटणे स्वाभाविक होते. डिसेंबर १९९७ मध्ये सरकारने पाच वर्षांचा असाच एक रोखा काढला होता, तोही घाऊक निर्देशांकालाच जोडलेला होता. त्यात फक्त मुद्दलाला संरक्षण होते, व्याजाला नव्हते.

११/ पुढे काय घडले? २०१४ च्या उत्तरार्धात खनिज तेलाचे जागतिक भाव कोसळले. धातू आणि इतर कच्चा मालही स्वस्त झाला. परिणामी २०१५ हे संपूर्ण वर्ष घाऊक महागाई शून्याच्या खाली राहिली. घरोघरी मात्र त्याच वर्षी किंमती सुमारे पाच टक्क्यांनी वाढत होत्या. म्हणजे किराणा, भाडे आणि फी वाढत असताना ‘महागाईपासून संरक्षण’ देणाऱ्या रोख्याचे मुद्दल प्रत्यक्षात आकसत होते.

१२/ दशकाच्या शेवटी चित्र काहीसे सुधारले. २०२१-२२ मध्ये घाऊक महागाई सरासरी तेरा टक्क्यांच्या आसपास गेली आणि मुद्दलाने मोठी उडी घेतली. ही उडी नसती तर हिशेब आणखी वाईट दिसला असता, कारण फेब्रुवारी २०२१ पर्यंतच्या आठ वर्षांत घाऊक किंमती वर्षाला सरासरी दोनच टक्क्यांनी वाढल्या होत्या.

१३/ आता अंतिम हिशेब. निर्देशांक उशिरा प्रसिद्ध होतो, म्हणून रोख्यासाठी चार महिने आधीचा आकडा धरत, म्हणजे जूनसाठी फेब्रुवारीचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये जुन्या मालिकेत निर्देशांक सुमारे १७१ होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या मालिकेत तो सुमारे १५१ होता. घट दिसते, पण ती फसवी आहे. २०१७ मध्ये आधारवर्ष बदलले आणि दोन मालिका जोडण्यासाठी १.५६१ हा गुणक ठरला. त्याने गुणल्यास १५१ चे सुमारे २३६ होतात. म्हणजे दहा वर्षांत ३८ टक्के वाढ, वर्षाला सुमारे सव्वातीन टक्के.

१४/ ब्रेकइव्हन ५.७ टक्के होते, प्रत्यक्ष घाऊक महागाई सव्वातीन टक्के झाली. निर्देशांकित रोखा स्पष्टपणे हरला. १.४४ आणि सव्वातीन मिळून त्याचा नाममात्र परतावा वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास आला, तर साध्या रोख्याचा ७.२. आलेले व्याज त्याच दराने पुन्हा गुंतवले आणि कर बाजूला ठेवला, तर दहा हजारांचे एकीकडे सुमारे १५,९०० झाले, दुसरीकडे सुमारे २०,०००.

१५/ पण या सगळ्यात बोलका आकडा तिसराच आहे. याच दहा वर्षांत ग्राहक निर्देशांक वर्षाला सुमारे सव्वापाच टक्क्यांनी वाढला. २०१३ मध्ये दहा हजारांत भरणाऱ्या घरखर्चाच्या टोपलीला २०२३ मध्ये सुमारे १६,८०० लागत होते. म्हणजे महागाईच्या वर १.४४ टक्के देण्याचे वचन अक्षरशः पाळूनही रोखा घरखर्चाच्या मागे राहिला. घराच्या दृष्टीने त्याचा वास्तव परतावा वर्षाला सुमारे अर्धा टक्का उणे होता. कोणतेही संरक्षण नसलेला साधा रोखा मात्र त्याच टोपलीच्या पावणेदोन टक्के पुढे राहिला.

१६/ यातला विरोधाभास असा की ५.७ टक्क्यांचे ब्रेकइव्हन प्रत्यक्षातल्या ग्राहक महागाईच्या बरेच जवळ होते. लिलावातील बोलीदार ग्राहक महागाईच डोळ्यांपुढे ठेवून बोलत होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ब्रेकइव्हन ज्या निर्देशांकाला रोखा बांधलेला आहे त्याच निर्देशांकाविषयी बोलते, आणि ते भाकीत अडीच टक्क्यांनी चुकले, एवढेच निश्चित म्हणता येते.

१७/ सरकारच्याही ही अडचण लवकर ध्यानात आली. २३ डिसेंबर २०१३ पासून सामान्य बचतदारांसाठी ग्राहक निर्देशांकावर दीड टक्का जादा देणारी दहा वर्षांची बचतपत्रे विक्रीस आली. मोजपट्टी आता योग्य होती, पण प्रतिसाद थंडच राहिला. जानेवारी २०१४ मध्ये ऊर्जित पटेल समितीने पतधोरणासाठीही ग्राहक निर्देशांकच प्रमाण मानावा, अशी शिफारस केली.

१८/ म्हणून जुन्या वृत्तपत्रांत किंवा अहवालांत ‘वास्तव परतावा अमुक टक्के’ असे वाक्य आढळले, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी दोन गोष्टी तपासाव्यात. ज्या साध्या रोख्याशी तुलना केली, त्याची मुदत तीच आहे का? आणि महागाई कोणत्या टोपलीने मोजली? २०१३ च्या रोख्याने पहिली कसोटी जवळजवळ निर्दोष पार केली. त्याचा सगळा इतिहास दुसरीत घडला.