रंगाचे नाव आणि फळाचे नाव

जांभळा म्हणताना आज आपल्याला फळ आठवतही नाही. पण नाव तिथूनच आले. जांभूळ आधी हिरवे, मग गुलाबीसर, शेवटी काळसर. लोकांनी पिकलेल्या जांभळाचीच छटा उचलली. लुगड्यांच्या दुकानी डाळिंबी, अंजिरी, अबोली याच रीतीने चालतात. गोंदियाकडे ‘पळसासारखा’ म्हटले की पुरते. ‘आमसुली’ मात्र अडतो. कोकम कोकणचे, आमसूल न पाहिलेल्याला त्याची काळपट लाली कशी कळावी? त्याला आम्ही ‘जांभळ्याहून लाल’ एवढेच सांगू.

कुसुंबीची गोष्ट निराळी. करडईचे फूल पिवळे-नारिंगी, पण त्याच्या पाकळ्यांतून काढलेला रंग लाल. फुलाशी ताडून कुसुंबी लुगडे मागणारा हमखास फसेल. कारण हे नाव उपमेचे नव्हे, रंगद्रव्याचे आहे.