फेज फेल्युअर रिले (वारंवार जळणाऱ्या मोटरीसाठी)

थ्री-फेज मोटरीला मिळणाऱ्या तीन फेजांपैकी एखादा खंडित झाला की मोटरीचा पुरवठा आपोआप तोडणाऱ्या संरक्षक साधनाला फेज फेल्युअर रिले म्हणतात. पंपाच्या बाजारात तो ‘सिंगल फेज प्रिव्हेंटर’ या नावानेही मिळतो. एकाच विहिरीवरील मोटर एकाआड एक हंगामात रिवाइंडिंगसाठी येऊ लागते तेव्हा जाणकार कारागीर ग्राहकाला बिलासोबत जे टिपण लिहून देतो, त्याचा रोख याच साधनाकडे असतो, कारण नवी तार भरल्याने जळालेले वाइंडिंग दुरुस्त होते, पण ते जाळणारा दोष डीपीवर, स्टार्टरमध्ये किंवा केबलच्या जोडात तसाच राहतो.

हा दोष मोटर उघडल्याबरोबर ओळखता येतो. निव्वळ अतिभाराने जळालेल्या मोटरीत तिन्ही फेजांची वेटोळी सारखीच काळवंडतात, तर एक फेज गेल्याने जळालेल्या मोटरीत काळ्या आणि शाबूत वेटोळ्यांचे पट्टे आळीपाळीने दिसतात. स्टार जोडणीत, म्हणजे तिन्ही वाइंडिंगांची एकेक टोके एकत्र बांधलेली असताना, दोन फेजांची वेटोळी जळतात आणि तुटलेल्या फेजाचे वाइंडिंग कोरे राहते. डेल्टा जोडणीत, म्हणजे वाइंडिंगे त्रिकोणात जोडलेली असताना, उलट एकाच फेजाची वेटोळी जळतात. दोषाचा पुरावा म्हणून ही जळकी वेटोळी ग्राहकाला दाखवूनच काढावीत.

स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असताना मोटर का जळते, या रास्त शंकेचे उत्तर ५ अश्वशक्तीच्या, डेल्टा जोडणीच्या मोटरीवरून मिळते. तिच्या पाटीवर सुमारे ७.५ अँपिअर लिहिलेले असते आणि तेव्हा प्रत्येक वाइंडिंगमधून सुमारे ४.३ अँपिअर वाहतो. मोटर पूर्ण भाराखाली चालत नसेल आणि तारेतून ४.५ अँपिअरच घेत असेल, तर एक फेज गेल्यावर उरलेल्या दोन तारांतील प्रवाह साधारण १.७३ पट, म्हणजे ७.८ अँपिअर होतो. ७.५ वर लावलेल्या साध्या ओव्हरलोड रिलेला एवढी वाढ दखलपात्र वाटत नाही. मात्र या प्रवाहाचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ५.२ अँपिअर, एकाच वाइंडिंगमधून जातात. ते त्याच्या क्षमतेपेक्षा २० टक्के जास्त असून उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्या वाइंडिंगमध्ये ती सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते. तारेवर लावलेल्या रिलेला आतल्या त्रिकोणातील ही असमान वाटणी दिसत नाही, आणि ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून त्याची चकती ९ किंवा १० वर फिरवून ठेवलेली असेल, तर उरलेसुरले संरक्षणही जाते.

फेज गेला तर स्टार्टर आपोआप पडेल, हा भरवसाही अर्धाच खरा आहे. स्टार्टरला धरून ठेवणारी नो-व्होल्ट कॉइल दोनच फेजांवर जोडलेली असल्याने तिसरा गेल्याची तिला खबर नसते. वीज आल्यावर मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच असेल तर धोका आणखी वाढतो, कारण डीपीवरचा एक फ्यूज उडालेला असताना थांबलेली मोटर फिरत नाही, नुसती घुमते आणि चालू करतानाचा कित्येक पट प्रवाह सतत खेचत काही मिनिटांत जळते.

रिलेची निवडही विचारपूर्वक करावी लागते. चालू मोटर स्वतःच्या फिरण्यामुळे तुटलेल्या फेजावर बराचसा व्होल्टेज निर्माण करते, त्यामुळे केवळ ‘तिन्ही फेजांवर व्होल्टेज आहे ना’ एवढेच पाहणारे स्वस्त साधन फसते. तिन्ही फेजांमधील असमतोल मोजणारा रिले त्यासाठी हवा. असा रिलेही स्टार्टरच्या आधी जोडलेला असल्यास जोडबिंदूच्या पुढचा दोष, उदाहरणार्थ काँटॅक्टरचा जळालेला पॉइंट किंवा विहिरीतील केबलचा सुटलेला जोड, त्याला खात्रीने कळत नाही. तिथे मोटरीकडे जाणाऱ्या तारांतील प्रवाह मोजणारा रिलेच उपयोगी पडतो, आणि पाणबुडी पंपासाठी थोडा जास्त खर्च करून तोच घेणे शहाणपणाचे ठरते. धरलेले बेअरिंग किंवा वाइंडिंगमध्ये शिरलेले पाणी यांपासून मात्र फेज फेल्युअर रिले वाचवत नाही.

रिलेचा संपर्क नो-व्होल्ट कॉइलच्या मार्गात मालिकेत जोडतात, म्हणजे रिलेने संपर्क उघडताच कॉइल सुटून स्टार्टर पडतो. दोन फेजांवर कपॅसिटर लावून पंप चालवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी या संपर्काला तारेने बगल दिलेली आढळते, आणि रिले पेटीत असूनही मोटर जळण्याचे ते नेहमीचे कारण असते. म्हणून दुरुस्त मोटर ताब्यात घेताना मेन स्विच बंद करून एक फ्यूज काढावा, पुन्हा वीज देऊन स्टार्टर दाबावा आणि हीच चाचणी प्रत्येक फ्यूज आळीपाळीने काढून करावी. तिन्ही वेळा मोटर सुरू होता कामा नये किंवा काही सेकंदांत थांबली पाहिजे, आणि तसे न झाल्यास जोडणी दुरुस्त होईपर्यंत ती चालवू नये.