मुद्रणासाठी प्रतिमेचे सीएमवायके रूपांतर

मुद्रणासाठी प्रतिमेचे सीएमवायके रूपांतर म्हणजे संगणकाच्या पडद्यासाठी लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या मूल्यांत (आरजीबी) साठवलेली प्रतिमा सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा या चार शायांच्या प्रमाणांत बदलून घेणे. चाररंगी ऑफसेट छपाईत प्रत्येक शाईसाठी स्वतंत्र प्लेट तयार होते. त्यामुळे प्रतिमा कोणत्याही रूपात छापखान्यात गेली, तरी हे रूपांतर कोठेतरी व्हावेच लागते. ते प्रतिमा तयार करणाऱ्याने स्वतः, कागद व छपाईची पद्धत माहीत करून घेऊन केले, तर होणारा बदल त्याला आधी दिसतो व सुधारताही येतो. ते प्लेट बनवणाऱ्या यंत्रणेवर सोडले, तर बदल बहुधा छापलेल्या प्रतीतच प्रथम दिसतो.

## रंगांच्या दोन पद्धती

पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा व निळा हे तिन्ही प्रकाश पूर्ण शक्तीने एकत्र आले की पांढरा दिसतो आणि तिन्ही बंद असले की काळा. कागद मात्र स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातील काही भाग शाई शोषून घेते व उरलेला डोळ्यांपर्यंत पोहोचतो. सायन शाई लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा आणि पिवळी निळा. पडद्यावर रंग मिळवत गेल्याने उजेड वाढतो. कागदावर शाया मिळवत गेल्याने तो घटतो.

तत्त्वतः सायन, मॅजेंटा व पिवळा या तिघांच्या मिश्रणाने काळा रंग व्हायला हवा. प्रत्यक्षातील शाया पूर्ण शुद्ध नसल्याने तो मळकट तपकिरी होतो. म्हणून चौथी, काळी शाई वापरतात. ‘सीएमवायके’मधील ‘के’ हे अक्षर ‘की’ या शब्दाचे आहे. बाकीच्या प्लेटा जिच्याशी जुळवून घेतात ती मुख्य प्लेट, असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

## रंगविस्तार

एखादे साधन जेवढे रंग दाखवू शकते, त्या सर्वांच्या समुच्चयाला त्याचा रंगविस्तार म्हणतात. पडद्याचा व चार शायांचा रंगविस्तार सारखा नसतो. चमकदार निळा, पोपटी हिरवा, झगझगीत नारिंगी असे पडद्यावरील अनेक रंग कागदावर चार शायांनी येतच नाहीत. रूपांतर करताना असे रंग छापता येण्याजोग्या जवळच्या रंगांकडे सरकवावे लागतात. चित्र ‘फिके पडले’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा येथे असते. तो छपाईचा दोष असतोच असे नाही.

हे सरकवण्याच्या दोन रीती नेहमी वापरल्या जातात. ‘परसेप्च्युअल’ रीतीत सर्वच रंग थोडेथोडे आत ओढले जातात, त्यामुळे छटांमधील परस्परसंबंध टिकतो. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ रीतीत जे रंग छापता येतात ते जवळजवळ जसेच्या तसे राहतात आणि केवळ विस्ताराबाहेरचे रंग त्याच्या कडेवर आणून ठेवले जातात. माणसांच्या छायाचित्रांत त्वचेचा रंग बदलू नये म्हणून दुसरी रीत बहुधा सोयीची पडते. गडद तांबड्या फुलांच्या चित्रात मात्र तिच्यामुळे पाकळ्यांतील बारीक छटा एकच होऊन सपाट दिसू शकतात. तेथे पहिली रीत वापरून पाहावी.

## प्रोफाइलची भूमिका

एकाच आरजीबी रंगासाठी सीएमवायकेचे एकच ठराविक उत्तर नसते. चकचकीत आर्ट पेपरवर शाई वरच्या थरात राहते, तर मॅपलिथो व न्यूजप्रिंटवर ती कागदात मुरते आणि छपाईचे ठिपके पसरतात. त्यामुळे तीच प्रमाणे या कागदांवर वेगळी दिसतात. विशिष्ट शाई, कागद व छपाई यांचे वर्तन ज्या फाइलमध्ये नोंदलेले असते, तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. आर्ट पेपरवरील ऑफसेटसाठी `ISO Coated v2`, अमेरिकी पद्धतीच्या वेब ऑफसेटसाठी `U.S. Web Coated (SWOP) v2` ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

प्रोफाइलमध्ये शाईच्या एकूण प्रमाणाची मर्यादाही गृहीत धरलेली असते. चारही शाया पूर्ण लावल्या तर बेरीज ४०० टक्के होईल. एवढी शाई वाळत नाही, ती थप्पीतील वरच्या कागदाच्या पाठीला लागते. म्हणून आर्ट पेपरवर साधारण ३०० ते ३३० टक्के आणि वृत्तपत्री कागदावर सुमारे २४० टक्के इतकीच मर्यादा ठेवतात.

काही संकेतस्थळांवरील गणनयंत्रे प्रोफाइलचा विचार न करता केवळ वजाबाकीने उत्तर देतात. शुद्ध निळ्याचे (० / ० / २५५) त्यांचे उत्तर सायन १०० व मॅजेंटा १०० असे येते. या प्रमाणात कागदावर निळा नव्हे, तर जांभळा छापला जातो.

## रूपांतराची पद्धत

प्रथम छापखान्याकडून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : कागद कोणता, प्रोफाइल कोणते आणि शाईची मर्यादा किती. त्यानंतर आरजीबीतील मूळ फाइल वेगळी जपून ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे. सीएमवायकेत गेल्यावर गमावलेले रंग पुन्हा आरजीबी करून परत येत नाहीत.

फोटोशॉपमध्ये `View > Proof Setup` येथे छापखान्याने सांगितलेले प्रोफाइल निवडून `Proof Colors` चालू केले, की फाइल न बदलता छपाईचा अंदाज पडद्यावर दिसतो. `Gamut Warning` चालू केल्यास विस्ताराबाहेरचे भाग करड्या रंगाने झाकले जातात. उजळपणा व रंगाच्या दुरुस्त्या याच टप्प्यावर, आरजीबीत असतानाच कराव्यात. शेवटी `Edit > Convert to Profile` ने रूपांतर करावे. `Image > Mode > CMYK Color` नेही रूपांतर होते. पण ते प्रणालीत आधीपासून ठरलेल्या प्रोफाइलमध्ये होते आणि ते छापखान्याचे असेलच असे नाही.

`Assign Profile` ही आज्ञा वेगळी आहे. ती अंक तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलते, तर `Convert to Profile` दिसणारा रंग शक्य तितका तोच ठेवून अंक बदलते. दोहोंत गल्लत झाल्यास संपूर्ण चित्राचा रंग बिघडतो.

तयार प्रतिमा टिफ किंवा पीडीएफ स्वरूपात, प्रोफाइल अंतर्भूत करून द्यावी. पीएनजी स्वरूपात सीएमवायके साठवता येत नाही.

## उदाहरण : स्मरणिकेचे मुखपृष्ठ

समजा, ए४ आकाराच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ आरजीबीत केले आहे. त्यावर शुद्ध निळी पार्श्वभूमी (० / ० / २५५), मध्ये फिकट पिवळी पट्टी आणि पट्टीवर काळ्या अक्षरांत (० / ० / ०) शीर्षक व संपादक मंडळाची बारीक टायपातील नावे आहेत. सर्व काही एकाच प्रतिमेत आहे. एसआरजीबीतील ही प्रतिमा फोटोशॉपच्या नेहमीच्या मांडणीनुसार `U.S. Web Coated (SWOP) v2` मध्ये बदलली, की अंक असे होतात :

* निळी पार्श्वभूमी : सायन ८८, मॅजेंटा ७७, पिवळा ०, काळा ०
* काळी अक्षरे : सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९०

पहिल्या ओळीत सायन व मॅजेंटा यांच्यात केवळ ११ टक्क्यांचा फरक आहे. एवढ्या मॅजेंटामुळे पार्श्वभूमी जांभळट छापली जाते. मॅजेंटा कमी करून, उदाहरणार्थ सायन १०० व मॅजेंटा ६० असे प्रमाण ठेवल्यास रंग स्पष्ट निळा वाटतो. पडद्यावरची चमक त्यालाही येत नाही. पण ‘निळे दिलेले जांभळे आले’ ही अडचण टळते.

दुसरी ओळ अधिक घातक आहे. तिची बेरीज ३०० टक्के आहे, म्हणजे मर्यादेच्या आत. त्यामुळे केवळ बेरीज पाहून दोष कळत नाही. दोष असा, की प्रत्येक अक्षर आता चार प्लेटांवर विभागले गेले आहे. छपाईत प्लेटांचा मेळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाने चुकणे नवलाचे नाही. मोठ्या शीर्षकात ते फारसे जाणवत नाही. दहा पॉइंटच्या देवनागरीत मात्र शिरोरेषा, रफार व अनुस्वार इतके बारीक असतात, की त्यांच्या कडेला गुलाबी किंवा निळसर सावली दिसू लागते आणि जोडाक्षरांच्या आतील पोकळ्या बुजतात.

उपाय म्हणून अक्षरे प्रतिमेतून काढून टाकावीत आणि ती पृष्ठमांडणीच्या प्रणालीत केवळ काळ्या शाईने (० / ० / ० / १००) बसवावीत. पट्टीला पिवळी शाई २० टक्के ठेवून अक्षरांना ‘ओव्हरप्रिंट’ लावले, म्हणजे अक्षरांखालीही पिवळा सलग छापला जातो आणि प्लेट हलली तरी पांढरी फट दिसत नाही.

याउलट मोठा सलग काळा भाग एकट्या काळ्या शाईने छापल्यास करडा वाटतो. तेथे सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० व काळा १०० असे २४० टक्क्यांचे मिश्रण वापरता येते. ते बारीक अक्षरांसाठी वापरू नये.

## तपासणी व नेहमीच्या चुका

फोटोशॉपच्या `Info` फलकात काळ्या अक्षरावर दर्शक नेला, की चारही शायांचे अंक दिसतात. अॅक्रोबॅट प्रो मधील `Output Preview` मध्ये एकेक प्लेट बंद करून पाहता येते. काळी प्लेट बंद केल्यावरही मजकूर दिसत राहिला, तर तो चार रंगांत गेला आहे हे निश्चित समजावे.

आधीच सीएमवायके असलेली प्रतिमा दुसऱ्या सीएमवायके प्रोफाइलमध्ये बदलणे ही आणखी एक चूक होय. त्यात निव्वळ काळ्या शाईचा मजकूर पुन्हा चार शायांत विभागला जातो. छापखाना किंवा कागद बदलल्यास जपून ठेवलेल्या आरजीबी फाइलपासूनच नवे रूपांतर करावे.

## मर्यादा

सीएमवायकेत बदललेली प्रतिमाही पडद्यावर प्रकाशानेच दिसते. पडद्याचे अंशांकन झालेले नसेल, तर पूर्वदर्शनावर विसंबता येत नाही. रंग नेमका हवा असल्यास छापखान्याकडून प्रमाणित प्रूफ घेऊन ते योग्य प्रकाशात पाहणे हाच मार्ग उरतो. बोधचिन्हातील झगझगीत नारिंगी रंग चार शायांनी येत नसेल, तर त्यासाठी पाचवी, स्वतंत्र मिसळलेली शाई वापरावी लागते व तिच्या प्लेटचा खर्च वाढतो.

हे रूपांतर सर्वत्र आवश्यकही नसते. छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळा व अनेक इंकजेट यंत्रे आरजीबी फाइलच मागतात, कारण त्यांचा रंगविस्तार ऑफसेटपेक्षा मोठा असू शकतो. पीडीएफ/एक्स-१ए या स्वरूपात आरजीबी प्रतिमा चालत नाही. पीडीएफ/एक्स-४ मध्ये ती प्रोफाइलसह चालते व रूपांतर छपाईच्या वेळी होते. अशा छापखान्याला सीएमवायके प्रतिमा देण्यात लाभ नसतो, मात्र काळ्या मजकुराची काळजी तेथेही घ्यावीच लागते.